शेकडा एक रुपया, पण कोणत्या शिलकीवर?

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यातील नागरी सहकारी पतसंस्थांचे अध्यक्ष, संचालक आणि व्यवस्थापक यांस,

विषय: हप्त्याने फेडायच्या छोट्या कर्जांवर सांगितला जाणारा फ्लॅट व्याजदर

स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात चोवीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. त्या चोवीस वर्षांत टेबलासमोर बसलेल्या सभासदाला मी किती वेळा "काळजी करू नका, फक्त शेकडा एक रुपया" असे सांगितले असेल, याची मोजदाद नाही. शेकडा एक म्हणजे शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया, वर्षाला बारा टक्के. त्यात मी शब्दाने खोटे बोलत नव्हतो. कर्जरोख्यात तोच दर लिहिलेला असे, हप्ताही त्याच दराने काढलेला असे आणि लेखापरीक्षकांनी त्यावर कधी शेरा मारला नाही. तरीही आज मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे, कारण गेल्या महिन्यात आमच्या शेजारी राहणारी एक शिवणकाम करणारी ताई प्लास्टिकच्या फाइलमध्ये दोन कागद घेऊन माझ्याकडे आली आणि ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर मला माझेच ते वाक्य फार खटकले.

ताई पर्वती पायथ्याजवळ एका खोलीत ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. एक ओव्हरलॉक आणि एक साधे मोटारीचे मशीन घेण्यासाठी तिला ६०,००० रुपये हवे होते. पहिला कागद बँकेचा होता. त्यावर व्याजदर १६ टक्के, मुदत १२ महिने, हप्ता ५,४४४ रुपये असे लिहिले होते आणि खाली वेगळ्या चौकटीत सर्व खर्च धरून वार्षिक दर १८.३ टक्क्यांच्या आसपास दाखवला होता. दुसरा कागद पतसंस्थेच्या मंजुरीपत्राचा होता. त्यावर व्याजदर १२ टक्के, मुदत १२ महिने, हप्ता ५,६०० रुपये, एवढेच. ताईने पतसंस्थेचे कर्ज घेतले होते. "काका, सोळापेक्षा बारा कमीच ना?" या तिच्या प्रश्नात काही चूक नव्हती. मात्र बारा टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता सोळा टक्क्यांच्या कर्जाहून १५६ रुपयांनी जास्त कसा, हे तिला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि रक्कम व मुदत दोन्हीकडे सारखीच असूनही ते तिच्या लक्षात आले नाही. दर पाहून एकदा मन ठरले की माणूस हप्ते पुन्हा ताडून पाहत नाही.

आपल्यापैकी ज्या संस्था त्या त्या दिवशी बाकी असलेल्या मुद्दलावरच, म्हणजे दैनंदिन घटत्या शिलकीवर व्याज आकारतात आणि तसे स्पष्ट सांगतात, त्यांना हे पत्र लागू नाही. अशा संस्था पुण्यात आहेत. माझे म्हणणे उरलेल्यांना उद्देशून आहे. ताईची पतसंस्था कोणती, हे मी लिहिणार नाही, कारण त्या संस्थेने जे केले तेच मीही माझ्या टेबलावर करत होतो.

फ्लॅट दराने आपण हप्ता कसा काढता, ते आपल्याला ठाऊकच आहे, पण हे पत्र सभासदही वाचतील म्हणून एकदा लिहितो. ६०,००० रुपयांवर वर्षाचे १२ टक्के म्हणजे ७,२०० रुपये व्याज. ते मुद्दलात मिळवून ६७,२०० होतात आणि त्याला १२ ने भागले की ५,६०० चा हप्ता येतो. त्यातले ५,००० मुद्दलाचे आणि ६०० व्याजाचे. सोपे, तोंडी करता येण्याजोगे गणित आहे, आणि फ्लॅट दर इतकी वर्षे टिकला याचे निम्मे कारण हा सोपेपणाच आहे. संगणक येण्यापूर्वी घटत्या शिलकीचा तक्ता हाताने करणे म्हणजे एकेका कर्जामागे अर्धा तास जात असे.

आता ताईच्या कर्जखात्याच्या तक्त्यातली पहिली आणि शेवटची ओळ पाहा. पहिल्या महिन्यात तिच्याकडे आपले ६०,००० रुपये आहेत आणि ती ६०० रुपये व्याज देते. शेकडा एक, अगदी बरोबर. शेवटच्या महिन्यात आपल्याच वहीप्रमाणे तिच्याकडे फक्त ५,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज तेव्हाही ६०० रुपयेच आहे. पाच हजारांना महिन्याचे सहाशे म्हणजे शेकडा बारा, आणि तेही एका महिन्याचे. ज्या दराला आपण वर्षाचा दर म्हणतो, तो त्या ओळीत महिन्याचा झालेला असतो. मधल्या ओळींत तो शेकडा एकपासून बारापर्यंत हळूहळू चढत जातो. ही शेवटची ओळ मी नोकरीत असताना हजारो वेळा छापली असेल, पण कधी थांबून वाचली नाही.

फ्लॅट दराची पद्धत मुळातच फसवी आहे, असे मी म्हणत नाही. एखाद्याने ६०,००० रुपये घेतले, दरमहा फक्त ६०० रुपये व्याज देत राहिला आणि वर्षअखेरीस मुद्दल एकरकमी परत केले, तर त्याचा दर खरोखरच शेकडा एक आहे, कारण बाराही महिने पूर्ण रक्कम त्याच्याकडे होती. "शेकडा" या बोलीत जुना व्यवहार हाच गृहीत धरलेला आहे. मुद्दल हप्त्याहप्त्याने परत घ्यायला सुरुवात झाली की ते गृहीतक संपते. बोली मात्र तीच राहते आणि ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थही तोच जुना राहतो.

ताईकडे पैसा खरोखर किती होता, हे मोजायला अवघड गणित लागत नाही. पहिल्या महिन्यात ६०,०००, दुसऱ्यात ५५,०००, तिसऱ्यात ५०,००० असे करत शेवटच्या महिन्यात ५,०००. या बारा शिलकींची बेरीज ३,९०,००० येते. म्हणजे पाच हजार गुणिले ७८, कारण बारापासून एकपर्यंतच्या आकड्यांची बेरीज ७८ आहे. बाराने भागले की सरासरी शिल्लक ३२,५०० निघते. ६०,००० रुपये वर्षभर वापरायला दिले, असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तिने सरासरी साडेबत्तीस हजारच वापरले. ३२,५०० वर ७,२०० रुपये व्याज म्हणजे वर्षाला साधारण २२ टक्के.

हा ढोबळ आकडा झाला. काटेकोर आकडा त्याहून थोडा कमी, २१.४६ टक्के येतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या फ्लॅट तक्त्यात पहिल्याच हप्त्यापासून ५,००० रुपये मुद्दलात जमा धरलेले असतात. पण दर खरा धरला, म्हणजे महिन्याला १.७९ टक्के, तर पहिल्या महिन्याचे व्याजच सुमारे १,०७३ रुपये होते आणि मुद्दलात फक्त ४,५२७ रुपये जातात. मुद्दल सुरुवातीला सावकाश फिटते, म्हणून सरासरी शिल्लक थोडी मोठी आणि दर थोडा लहान निघतो. ज्यांच्याकडे संगणक किंवा मोबाइलवर तक्त्याचे साधन आहे, त्यांना हे एका ओळीत पडताळता येईल. पहिली ओळ केवळ व्याजाची आहे. दुसरीत कापलेला खर्च धरला आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

```
=RATE(12,-5600,60000)*12
=RATE(12,-5600,57600)*12
```

एक ते तीन वर्षे मुदतीच्या, दरमहा समान हप्त्याच्या कर्जात फ्लॅट दराची साधारण पावणेदोन पट केली की खऱ्या दराच्या जवळ पोहोचता येते, हा अनुभव आहे. १८ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षभराच्या मुदतीला जवळजवळ ३२ टक्के. तोंडी हिशेबाला एवढे पुरते, पण मंजुरीपत्रावर छापायला नेमका आकडाच हवा.

आता कदाचित आपल्यापैकी कोणी म्हणेल की सरासरी शिल्लक वगैरे बँकवाल्यांच्या गोष्टी आहेत, पतसंस्थेच्या सामान्य सभासदाला त्या कशा समजणार. त्यावर माझे उत्तर आपल्याच काउंटरवरच्या दुसऱ्या खिडकीत आहे. तिथे आवर्त ठेव घेतली जाते. समजा ताईने दरमहा ५,००० रुपये अशी वर्षभराची आवर्त ठेव ९ टक्क्यांनी उघडली. वर्षअखेरीस तिचे ६०,००० रुपये जमा होतात. म्हणून आपण तिला ६०,००० वर ९ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये व्याज देतो का? देत नाही. पहिला हप्ता बारा महिने आपल्याकडे राहिला, दुसरा अकरा, शेवटचा एकच महिना, असे आपण अगदी बरोबर सांगतो आणि पुन्हा त्याच ७८ ने गुणून साध्या व्याजाने २,९२५ रुपये देतो. त्यात कोणी खोट काढू शकत नाही. पैसे जितके दिवस राहिले तितक्याच दिवसांचे व्याज, हे तत्त्व ठेवीच्या खिडकीत आपण पाळतो आणि ठेवीदाराला समजावूनही सांगतो. कर्जाच्या खिडकीत मात्र तेच ७८ आपल्याला आठवत नाही. पैशाचा ओघ उलटा झाला एवढाच फरक, आणि त्या फरकात दर वेळी संस्थेचाच फायदा होतो.

येथवर फक्त व्याजाचे झाले. ताईच्या हातात ६०,००० रुपये पडले नव्हते. प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे १,२००, कर्जदाराच्या विम्याचे ७०० आणि अर्ज व कागदपत्रांचे ५००, असे २,४०० रुपये कर्ज देतानाच कापले गेले. शिवाय १,५०० रुपयांचे शेअर्स तिच्या नावे घेतले गेले. शेअर्सची रक्कम सभासदत्व सोडताना परत मिळते, लाभांशही मिळू शकतो, म्हणून मी ती खर्चात धरत नाही. (ती रक्कम वर्षभर तिच्या कामी येत नाही, हे मात्र खरे आहे, आणि मशीनवाल्याला पैसे देताना हेच दीड हजार तिने बहिणीकडून उसने आणले.) कापलेले २,४०० धरले तर तिला प्रत्यक्षात ५७,६०० रुपयांचे कर्ज मिळाले, पण हप्ता मात्र ६०,००० च्या हिशेबाने ५,६०० च राहिला. वरच्या चौकटीतली दुसरी ओळ हाच हिशेब करते आणि उत्तर येते २९.४६ टक्के. बँकेच्या कागदावर याच पद्धतीने काढलेला आकडा १८.३ होता. रुपयांत बोलायचे तर बँकेकडे व्याज आणि फी मिळून तिला सुमारे ६,०४० रुपये पडले असते. पतसंस्थेकडे ९,६०० पडले.

बँकेच्या कागदावर ती चौकट कुठून आली, हे आपल्याला माहीत असेलच. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्या यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी असे मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक केले. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. त्यात व्याजाबरोबर फी, विमा आणि इतर सर्व आकार धरून वार्षिक टक्केवारी हवी, हप्त्यांचा तक्ता हवा, आणि जो आकार पत्रकात लिहिलेला नाही तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या आहेत, पण त्यांच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसल्याने त्या या परिपत्रकाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून एकाच रस्त्यावर समोरासमोर नागरी सहकारी बँक आणि नागरी सहकारी पतसंस्था असेल, तर एका दारात सभासदाला खरा वार्षिक खर्च लेखी मिळतो आणि दुसऱ्या दारात "बारा टक्के" एवढेच ऐकायला मिळते. पाट्यांवरच्या नावांत एका शब्दाचा फरक आहे, आणि तो शब्द वाचून कायदा वेगळा आहे हे ओळखणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही.

पतसंस्थांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्याकडेच सावकारी कायद्याचीही अंमलबजावणी आहे. २०१४ च्या त्या कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जासाठी ठरवून दिलेला दर वर्षाला १८ टक्के आहे. पतसंस्थेला ती मर्यादा लागू नाही आणि ती लागू करावी असेही मी म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेने माणसाला सावकारापासून सोडवायचे, तिचा खरा दर सावकाराच्या कायदेशीर दराच्या वर असेल, तर निदान तो आकडा तिने स्वतःच्या मुखाने सांगावा.

ताई माझ्याकडे आली होती ती मात्र दराबद्दल विचारायला नव्हे. गणवेशाचा हंगाम चांगला गेला होता, हातात पैसे होते, सहा हप्ते भरून झाले होते आणि तिला कर्ज मुदतीआधी बंद करायचे होते. संस्थेत तिला सांगण्यात आले की उरलेले सहा हप्ते, म्हणजे ३३,६०० रुपये, एकदम भरा. फ्लॅटच्या कर्जात व्याजाची सूट नसते. ती थोडी चक्रावली. पुढच्या सहा महिन्यांचे ३,६०० रुपये व्याज, जे सहा महिने ती पैसे वापरणारच नाही, ते का द्यायचे?

इथे फ्लॅट दराचा दुसरा पदर उघडतो, आणि माझ्या मते तो पहिल्याहून वाईट आहे. आपण सांगितलेल्या हप्त्यांतून जो खरा दर निघतो, म्हणजे २१.४६ टक्के, तो मान्य करूनच घटत्या शिलकीचा तक्ता केला, तर सहाव्या हप्त्यानंतर तिच्याकडे सुमारे ३१,६०० रुपये बाकी निघतात. फ्लॅट वहीप्रमाणे नुसते मुद्दल पाहिले तर ३०,०००. तिच्याकडे मागितले गेले ३३,६००. म्हणजे संस्थेला तिचा पूर्ण, चढा, खरा दर मिळूनही वर आणखी २,००० रुपये. हे पैसे भरून तिने त्या दिवशी कर्ज बंद केले असते, तर त्या सहा महिन्यांच्या कर्जाचा वार्षिक दर साधारण २९ टक्के झाला असता आणि सुरुवातीला कापलेले २,४०० धरले तर ४० टक्के. घटत्या शिलकीच्या कर्जात लवकर फेडणाऱ्याचे व्याज वाचते आणि दर जागचा हलत नाही. फ्लॅट कर्जात सूट न देता लवकर फेडणे म्हणजे कर्ज महाग करून घेणे. मी तिला सांगितले की पैसे मुदत ठेवीत टाक आणि हप्ते वेळेवर भरत राहा. प्रामाणिक कर्जदाराला असा सल्ला द्यावा लागतो, याची मला लाज वाटली.

आता आपल्या बाजूचे बोलतो, कारण ती बाजू मी स्वतः अनेक वर्षे मांडली आहे.

छोट्या कर्जाचा खर्च मोठा असतो, हे खरे आहे. साठ हजारांच्या कर्जाला अर्ज, चौकशी, दोन जामीनदार, संचालकांची मंजुरी आणि वसुलीच्या फेऱ्या जवळजवळ तेवढ्याच लागतात जेवढ्या सहा लाखांच्या कर्जाला लागतात. ठेवीदाराला आपण ९ टक्के देतो आणि काही कर्जे बुडतातही. या सगळ्याचा हिशेब करून एखाद्या संस्थेला २१ टक्के दर लागत असेल, तर तो लावण्याला माझी हरकत नाही. कदाचित तो योग्यही असेल. माझी हरकत २१ ला १२ म्हणण्याला आहे. साखरेचा भाव चाळीस रुपये लावायचा असेल तर दुकानदाराने चाळीसची पाटी लावावी. बावीसची पाटी लावून माप लहान ठेवू नये.

"आम्ही हप्ता तर सांगतो, त्यात लपवालपवी कसली?" हा दुसरा मुद्दा मी नेहमी ऐकला आहे. हप्ता सांगितला जातो, हे खरेच. पण हप्त्यावरून तुलना तेव्हाच होते जेव्हा रक्कम, मुदत आणि हातात पडणारा पैसा तिन्ही सारखे असतात, आणि बाजारात ते कधीच सारखे नसतात. एक संस्था दहा महिने देते, दुसरी अठरा. एक आधी फी कापते, दुसरी पहिला हप्ता आधी घेते. समजा ताईच्या संस्थेने २,४०० कापून वर पहिला हप्ताही कर्ज देतानाच घेतला असता, तर शेअर्स न धरता हातात ५२,००० पडले असते, पुढे अकरा हप्ते उरले असते आणि खरा दर ३५ टक्क्यांच्या वर गेला असता. हप्ता मात्र तोच ५,६००, आणि पाटीवरचा दर तोच १२. वार्षिक टक्केवारी लागते ती अशा वेळी.

तिसरा मुद्दा सगळ्यात खरा आहे आणि तो सहसा चहाच्या वेळीच बोलला जातो. "आम्ही एकट्यानेच २१ टक्के लिहिले तर सभासद शेजारच्या संस्थेत जातील, तिथे १२ लिहिले आहे." ही भीती रास्त आहे. म्हणूनच हे पत्र मी एका संस्थेला न लिहिता आपल्या सर्वांना उघडपणे लिहीत आहे. पुण्यातल्या पतसंस्था आपल्या फेडरेशनच्या बैठकांना एकत्र बसतात, ठेवींच्या दराबाबत एकमेकींशी बोलतात. कर्जाचा दर कसा लिहायचा, एवढे एक कलम त्या बैठकीत ठरू शकते.

वार्षिक टक्केवारीलाही मर्यादा आहे, हे मला मान्य आहे. दहा हजारांच्या तीन महिन्यांच्या कर्जावर ३०० रुपये स्थिर खर्च आला तरी टक्केवारी एकदम उसळते आणि आकडा पाहून सभासद घाबरतो, प्रत्यक्षात खर्च तीनशेच असतो. म्हणून टक्केवारीच्या शेजारी एकूण खर्च रुपयांतही लिहावा. दोन्ही आकडे मिळूनच चित्र पुरे होते. टक्केवारीने दोन कर्जांची तुलना करता येते आणि रुपयांनी खिशाला किती पडेल ते कळते. दुसरी बारकाईची गोष्ट अशी की वर दिलेले सगळे दर महिन्याच्या दराला बाराने गुणून काढलेले आहेत. चक्रवाढीने काढले तर २१.४६ चे सुमारे २३.७ होतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण सर्व संस्थांनी एकच वापरावी, आणि बँकांच्या पत्रकांशी तुलना व्हायची तर बाराने गुणलेली.

हे करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. आज बहुतेक संस्थांच्या संगणकात घटत्या शिलकीचा पर्याय आधीपासूनच आहे. घरतारण कर्जे त्यावरच चालतात. ज्यांना हप्ता ५,६०० च ठेवायचा आहे, त्यांनी तो ठेवावा. फक्त दर १२ ऐवजी २१.४६ भरावा. तक्ता आपोआप बरोबर छापला जाईल, शेवटच्या ओळीत व्याज सहाशेऐवजी शंभरच्याही आत दिसेल, आणि मुदतीआधी कर्ज बंद करणाऱ्याचा हिशेब कोणाच्या मर्जीवर राहणार नाही, त्या दिवसाच्या बाकीवर होईल.

सभासदांसाठी एक खूण सांगून ठेवतो. मंजुरीपत्रासोबत हप्त्यांचा तक्ता मागून घ्यावा आणि व्याजाचा रकाना वरून खाली वाचावा. आकडा प्रत्येक ओळीत तोच असेल तर कर्ज फ्लॅट आहे, मग वर काहीही लिहिलेले असो. आकडा ओळीगणिक उतरत असेल तर ते घटत्या शिलकीचे आहे. तक्ता देत नसतील, तर हप्ता गुणिले महिने, त्यातून कर्जाची रक्कम वजा करावी. उरलेली रक्कम कर्ज गुणिले दर गुणिले वर्षे याच्याशी रुपयात रुपया जुळली, तर तेही फ्लॅटच. जामीनदारांनीही हे पाहावे, कारण हप्ता थकल्यावर अधिनियमाच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला त्यांच्या नावेही निघतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक जामीनदारांनी सही करताना दराकडे पाहिलेही नव्हते.

आपल्याकडे कर्जदार हा नुसता ग्राहक नसतो, तो सभासद असतो. त्यामुळे ही मागणी मी बाहेरून करत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते, विषयपत्रिका त्याआधी निघते. माझी विनंती अशी की संचालक मंडळाने येत्या सभेपुढे एक साधा ठराव ठेवावा. हप्त्याने फेडायच्या प्रत्येक कर्जाच्या पाटीवर, अर्जावर आणि मंजुरीपत्रावर घटत्या शिलकीचा वार्षिक दर सर्व कापलेला खर्च धरून लिहिला जाईल, आणि मुदतीआधी फेडणाऱ्याकडून न वापरलेल्या महिन्यांचे व्याज घेतले जाणार नाही. मी ज्या संस्थेचा सभासद आहे, तिथे हा विषय मी लेखी दिला आहे.

शब्दरचनेसाठी अडू नये म्हणून ताईच्या कर्जाचाच मजकूर नमुना म्हणून देतो. मंजुरीपत्रावर तो चार ओळींत मावतो:

"मंजूर कर्ज ६०,००० रुपये. कापलेला खर्च २,४०० रुपये, शेअर्स १,५०० रुपये, हातात मिळणारी रक्कम ५६,१०० रुपये. हप्ता ५,६०० रुपये, १२ महिने. व्याज व खर्च मिळून एकूण ९,६०० रुपये. घटत्या शिलकीवर, खर्च धरून, वार्षिक दर २९.४६ टक्के. सहाव्या हप्त्यानंतर कर्ज बंद केल्यास भरावयाची रक्कम सुमारे ३१,६०० रुपये."

आपला नम्र,
पतसंस्थेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेला एक लिपिक,
पर्वती, पुणे